कर्जबुडीच्या संरक्षणाचा हप्ता कसा ठरतो?

एखाद्या कंपनीचे कर्जरोखे हाती असलेल्या गुंतवणूकदाराला एकच मोठी धास्ती असते. कंपनीने पैसे बुडवले तर काय? ही जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा करार म्हणजे क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, थोडक्यात सीडीएस. संरक्षण घेणारा पक्ष ठरावीक काळ, बहुधा ५ वर्षे, ठरावीक हप्ता भरत राहतो. त्या काळात संबंधित कंपनीने कर्ज बुडवले तर संरक्षण देणारा पक्ष नुकसान भरून देतो आणि हप्ते तिथेच थांबतात. कंपनी मुदतभर तगली तर देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. मिळालेले हप्ते त्याचेच. भारतात कॉर्पोरेट रोख्यांवरील अशा करारांची चौकट रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये आखली आणि २०२२ मध्ये तिचे नियम नव्याने लिहिले.

हप्ता संरक्षित रकमेच्या वार्षिक टक्केवारीत सांगतात. बाजारात त्यासाठी बेसिस पॉइंट हे माप चालते. १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्का. १०० कोटी रुपयांच्या संरक्षणाचा भाव १८० बेसिस पॉइंट असेल, तर वर्षाला १ कोटी ८० लाख रुपये भरायचे. हा आकडा येतो कुठून, हे समजायला तीन गोष्टी पुरतात: कंपनी बुडण्याचा वेग, बुडाल्यावर हाती लागणारा वाटा आणि व्याजदर. त्यातला व्याजदर हप्त्याच्या हिशेबातून जवळजवळ गळून पडतो, हे या विषयातले सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे सत्य आहे.

बुडण्याचा वेग

आजवर तगलेली कंपनी पुढच्या अगदी छोट्या काळात बुडण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या दराला हॅझर्ड रेट म्हणतात. सूत्रांमध्ये तो λ या ग्रीक अक्षराने दाखवतात. आयुर्विम्यात विशिष्ट वयाच्या माणसांचा मृत्युदर जे काम करतो, तेच काम इथे हा दर करतो. कंपनी नेमकी कधी आणि कशामुळे बुडेल, याचा शोध न घेता फक्त बुडण्याचा वेग गृहीत धरायचा, ही पद्धत रॉबर्ट जॅरो आणि स्टुअर्ट टर्नबुल यांच्या १९९५ च्या शोधनिबंधाने रूढ केली.

सर्वांत सोपे गृहीतक म्हणजे हा वेग मुदतभर तोच राहतो. समजा, तो वर्षाला ३ टक्के आहे आणि अगदी सारख्या पतीच्या १,००० कंपन्या डोळ्यांसमोर आहेत. वर्षाअखेर त्यांतल्या साधारण ९७० उरतील, दुसऱ्या वर्षाअखेर ९४२, मग ९१४, ८८७ आणि पाचव्या वर्षाअखेर ८६१. म्हणजे पाच वर्षांत १३९ बुडतील. पाच वर्षे गुणिले ३ टक्के असा सरळ गुणाकार केला, तर १५० यायला हव्या होत्या. पण दर उरलेल्या कंपन्यांवर लागतो. बुडालेली कंपनी पुन्हा बुडत नाही. म्हणून दरवर्षी बुडणाऱ्यांची संख्या हळूहळू घटते: ३०, २८, २८, २७ आणि २६. t वर्षे तगण्याची शक्यता सूत्रात अशी लिहितात:

```
Q(t) = e^(-λt)
```

बुडाल्यावर किती मिळते

कंपनी बुडाली म्हणजे रोख्याची किंमत शून्य झाली, असे नसते. मालमत्ता विकून, पुनर्रचना करून धनकोंच्या हाती काही ना काही पडते. १०० रुपयांमागे ४० रुपये मिळाले तर वसुली दर ४० टक्के. संरक्षण देणाऱ्याला उरलेले ६० रुपये भरावे लागतात. तारण नसलेल्या, पण परतफेडीत अग्रक्रम असलेल्या कॉर्पोरेट कर्जासाठी ४० टक्के वसुली धरण्याचा बाजारात संकेत आहे. हा संकेत आहे, मोजमाप नव्हे. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

तराजूची दोन पारडी

करार करताना कुणी कुणाला जास्तीचे काही द्यायचे नसेल, तर दोन रकमा सारख्या हव्यात: देणाऱ्याला भरावी लागू शकणारी भरपाई आणि घेणाऱ्याकडून येऊ शकणारे हप्ते. दोन्ही रकमा अनिश्चित आहेत आणि भविष्यातल्या आहेत. म्हणून प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणायचे आणि मग व्याजदराने सूट देऊन आजच्या किमतीत आणायचे. या सूट देण्यालाच डिस्काउंटिंग म्हणतात.

१०० कोटींचे संरक्षण, ५ वर्षांची मुदत, हॅझर्ड रेट ३ टक्के, वसुली ४० टक्के आणि व्याजदर ६ टक्के असे उदाहरण घेऊ. व्याज सतत चक्रवाढीने आकारले जाते, हप्ता वर्षाअखेर भरायचा आणि कंपनी बुडालीच तर वर्षाच्या मध्याला बुडते, असे धरू.

आधी भरपाईचे पारडे. पहिल्या वर्षी बुडण्याची शक्यता २.९५५ टक्के आणि भरपाई ६० कोटी. गुणाकार केला की अपेक्षित भरपाई १ कोटी ७७ लाख रुपये येते. ती सहा महिन्यांनी द्यायची असल्याने आजची किंमत साधारण १ कोटी ७२ लाख. याच रीतीने पुढच्या वर्षांचे आकडे अनुक्रमे १५७, १४४, १३१ आणि १२० लाख येतात. दर वर्षी रक्कम दोन कारणांनी घटते: बुडायला उरलेल्या कंपन्या कमी आणि पैसा अधिक दूरचा. पाचही वर्षांची बेरीज जवळपास सव्वासात कोटी रुपये होते. हे झाले संरक्षणाचे आजचे मोल.

आता हप्त्याचे पारडे. हप्ता किती ते अजून ठाऊक नाही, म्हणून तो तात्पुरता १ टक्का, म्हणजे वर्षाला १ कोटी धरू. पहिला हप्ता मिळण्यासाठी कंपनी वर्षभर तगायला हवी. ती शक्यता ९७ टक्के आणि वर्षभराची सूट धरून त्या १ कोटीची आजची किंमत ९१.४ लाख. पुढचे हप्ते ८३.५, ७६.३, ६९.८ आणि ६३.८ लाखांचे ठरतात. त्यांची बेरीज ३ कोटी ८५ लाख. यात एक छोटी भर घालावी लागते. कंपनी वर्षाच्या मध्याला बुडाली तरी तोवरच्या सहा महिन्यांच्या संरक्षणाचा अर्धा हप्ता घेणाऱ्याला द्यावाच लागतो. त्याचे मोल सुमारे ६ लाख. एकूण ३ कोटी ९१ लाख.

एक टक्का हप्त्याने ३.९१ कोटी मिळतात आणि हवे आहेत ७.२५ कोटी. भागाकार १.८५ येतो. म्हणजे रास्त हप्ता वर्षाला १.८५ टक्के, किंवा १८५ बेसिस पॉइंट. १०० कोटींवर वर्षाला १ कोटी ८५ लाख रुपये.

तीन अक्षरांचे सूत्र

इतकी आकडेमोड करून आलेले हे उत्तर एका ओळीतही जवळपास सापडते:

```
s = λ × (1 − R)
```

इथे s म्हणजे हप्ता आणि R म्हणजे वसुली दर. ३ टक्के गुणिले ०.६० म्हणजे १.८० टक्के, १८० बेसिस पॉइंट. बाजारातले लोक या नात्याला क्रेडिट ट्रँगल म्हणतात. तीन संख्यांपैकी कोणत्याही दोन माहीत असल्या की तिसरी निघते.

या सूत्रात व्याजदर नाही आणि मुदतही नाही. यामागचे कारण सरळ आहे. कंपनी तगून असलेला एखादाच क्षण घ्या. त्या क्षणी संरक्षण देणाऱ्याचा अपेक्षित खर्च, वार्षिक हिशेबाने, λ गुणिले (1 − R) इतका असतो. त्याच क्षणी त्याची कमाई s इतकी असते. खर्च आणि कमाई दोन्हींना एकाच तगण्याच्या शक्यतेने गुणायचे आहे आणि एकाच सवलतीच्या दराने आजच्या किमतीत आणायचे आहे. दोन्ही बाजूंचा गुणक एकच, म्हणून तो कापला जातो. λ मुदतभर एकच असल्याने प्रत्येक क्षणी हा समतोल सारखाच राहतो. मग करार १ वर्षाचा असो की १० वर्षांचा, हप्ता तोच. वरच्या उदाहरणात फक्त पहिल्याच वर्षाचा भागाकार करून पाहिला तरी १८५ हेच उत्तर येते, ते याचमुळे.

मग १८० आणि १८५ मधला फरक कुठून आला? सूत्र असे धरते की हप्ता दर क्षणाला थेंबाथेंबाने भरला जातो. उदाहरणात तो वर्षाअखेर एकदम भरला. संरक्षण वर्षभर मिळाले आणि पैसे मात्र सरासरी सहा महिने उशिरा आले. ६ टक्क्यांच्या दराने सहा महिन्यांचे व्याज ३ टक्के. १८० चे ३ टक्के म्हणजे ५.४. देणारा पक्ष तेवढी भर मागतो आणि उत्तर १८५.४ होते. व्याजदर शून्य धरून तोच हिशेब केला तर उत्तर १८० वर येते. प्रत्यक्ष करारांत हप्ता तिमाही असतो आणि तो मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबरच्या २० तारखेला देय होतो. मग सरासरी उशीर दीड महिन्याचा, व्याज ०.७५ टक्के आणि हप्ता साधारण १८१.४ बेसिस पॉइंट. म्हणजे तिमाही करारासाठी एका ओळीचे सूत्र दीड-एक बेसिस पॉइंटच्या आत अचूक ठरते. व्याजदराचा हप्त्यावर होणारा परिणाम फक्त या उशिरापुरता असतो.

व्याजदर कुठे महत्त्वाचा ठरतो

नव्या कराराचा हप्ता ठरवताना व्याजदर गौण असला, तरी जुन्या कराराचे मोल काढताना तो गौण राहत नाही. समजा, वरचा करार १८० बेसिस पॉइंटला झाला आणि लगेच कंपनीविषयी वाईट बातमी आली. बाजारातला भाव ३०० वर गेला. ज्याने १८० ला संरक्षण घेतले, त्याला दरवर्षी १२० बेसिस पॉइंटचा, म्हणजे १ कोटी २० लाखांचा फायदा दिसतो. पण हा फायदा ५ वर्षांत पसरलेला आहे आणि कंपनी जिवंत असेपर्यंतच मोजायचा आहे. नव्या भावानुसार हॅझर्ड रेट ५ टक्के. शक्यता आणि सूट दोन्ही धरून पाच वर्षांच्या वार्षिक १ रुपयाचे आजचे मोल, व्याजदर ६ टक्के असता, ३.८५ रुपये होते. म्हणून फायदा सुमारे ४ कोटी ६२ लाख. व्याजदर ३ टक्के असता, तर तेच मोल ४.१२ रुपये झाले असते आणि फायदा ४ कोटी ९५ लाख. हा फरक तेहतीस लाखांचा आहे.

हा प्रश्न २००९ नंतर रोजचाच झाला. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतल्या बाजाराने कॉर्पोरेट करारांचे हप्ते १०० किंवा ५०० बेसिस पॉइंट असे ठोकळेबाज केले. खरा भाव आणि ठरलेला हप्ता यांच्यातला फरक करार करतानाच एकरकमी चुकता करायचा, अशी रीत पडली. आपल्या उदाहरणात रास्त भाव १८० आणि भरायचा हप्ता १००. उरलेल्या ८० बेसिस पॉइंटची पाच वर्षांची आजची किंमत सुमारे ३.२२ टक्के होते. घेणाऱ्याने १०० कोटींवर ३ कोटी २२ लाख आधीच मोजायचे आणि मग वर्षाला १ कोटी भरत राहायचे.

बाजारभावातून उलटे वाचन

प्रत्यक्षात हॅझर्ड रेट कुणी सांगत नाही. बाजारात दिसतो तो हप्ता. म्हणून सूत्र उलटे फिरवतात: λ = s ÷ (1 − R). वर्तमानपत्रात एखाद्या देशाच्या किंवा बँकेच्या सीडीएसवरून बुडण्याची शक्यता अमुक टक्के असे छापून येते, ते याच भागाकाराने. आणि इथेच वसुलीच्या संकेताचे वजन कळते.

हप्ता १८० बेसिस पॉइंट आहे असे धरू. वसुली ४० टक्के धरली तर हॅझर्ड रेट ३ टक्के आणि पाच वर्षांत बुडण्याची शक्यता १३.९ टक्के. वसुली २० टक्के धरली तर दर २.२५ टक्के आणि शक्यता १०.६ टक्के. वसुली ७० टक्के धरली तर दर ६ टक्के आणि शक्यता २५.९ टक्के. बाजारभाव तिन्ही वेळा तोच आहे. बदलले फक्त एक गृहीतक. हप्ता एकटा बुडण्याची शक्यता सांगतच नाही. तो सांगतो शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार. म्हणून असा आकडा वाचताना त्यामागे वसुली किती धरली आहे, हे आधी पाहायला हवे.

दुसरी सावधगिरी अशी की ही शक्यता प्रत्यक्ष बुडालेल्या कंपन्यांच्या इतिहासातून आलेली नाही. जोखीम पत्करणारा माणूस सरासरी नुकसानीपेक्षा जास्त मोबदला मागतो आणि तो मोबदला हप्त्यात मिसळलेला असतो. त्यामुळे सीडीएसमधून निघणारी शक्यता सहसा ऐतिहासिक अनुभवापेक्षा मोठी असते.

वसुली चुकते तेव्हा: ऑक्टोबर २००८

कंपनी बुडाल्यावर वसुलीचा आकडा लिलावातून ठरतो. तिचे रोखे लिलावात ज्या भावाला जातात, ती वसुली. उरलेली रक्कम भरपाई. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात दोन टोके दिसली. अमेरिकी सरकारने फॅनी मे ही गृहकर्ज संस्था सप्टेंबरमध्ये ताब्यात घेतली होती आणि सीडीएसच्या नियमांत ती घटना बुडीत धरली गेली. पण रोख्यांमागे आता सरकार उभे होते. ६ ऑक्टोबरच्या लिलावात तिच्या अग्रक्रमाच्या रोख्यांना १०० मागे ९१.५१ भाव मिळाला. संरक्षण घेणाऱ्याच्या हाती जेमतेम साडेआठ पडले. चारच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, लेहमन ब्रदर्सचा लिलाव झाला. भाव आला ८.६२५ आणि भरपाई द्यावी लागली ९१.३७५.

४० टक्क्यांच्या संकेतावर हिशेब मांडणाऱ्याने दोन्ही ठिकाणी ६० ची भरपाई धरली असती. लेहमनवर संरक्षण विकणाऱ्याला त्याच्या दीडपट रक्कम मोजावी लागली. कंपनी धडधाकट असताना हा दोष झाकलेला राहतो, कारण वसुली कमी धरली की बाजारभावातून काढलेला हॅझर्ड रेटही कमी निघतो आणि हॅझर्ड रेट व नुकसान यांचा गुणाकार, म्हणजे हप्ता, जागेवर राहतो. कंपनी बुडाली की शक्यतेचा प्रश्नच संपतो. तेव्हा भरपाई फक्त वसुलीवर ठरते.

सूत्र कुठे थांबते

सूत्र मोडत चालले आहे, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली खूण वेगवेगळ्या मुदतींचे भाव. हॅझर्ड रेट खरोखर स्थिर असेल, तर १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा हप्ता सारखा हवा. बाजारात १ वर्षाचा भाव ६० आणि ५ वर्षांचा १८० दिसत असेल, तर ४० टक्के वसुलीने पहिल्या वर्षाचा दर १ टक्का आणि पाच वर्षांचा सरासरी दर ३ टक्के निघतो. म्हणजे दुसऱ्या ते पाचव्या वर्षांत तो साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्तच असला पाहिजे. अशा वेळी मुदतीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळा दर द्यावा लागतो. तीन वर्षांच्या कराराला सरसकट १८० चा भाव लावणे चूक ठरते. संकटात सापडलेल्या कंपनीत चित्र उलटे होते: नजीकच्या मुदतीचा भाव लांबच्या मुदतीपेक्षा चढा असतो, कारण पुढचे काही महिने निभावले तर कंपनी सावरेल, असा बाजाराचा कयास असतो.

दुसरी खूण एकरकमी किमतीत दिसते. संरक्षण घेणाऱ्याला जास्तीत जास्त मिळू शकते ते (1 − R). त्यामुळे ४० टक्के वसुली धरली, तर करारासाठी आधीच १०० मागे ६० हून अधिक कुणी मोजणार नाही. बाजार ७० मागू लागला की कोणताही हॅझर्ड रेट घालून हिशेब जुळत नाही. गृहीत वसुलीच खोटी ठरलेली असते. ग्रीसच्या सरकारी रोख्यांवरील सीडीएसचा १९ मार्च २०१२ चा लिलाव २१.५ भावाने संपला, म्हणजे भरपाई ७८.५ ची. अशा टोकाला बुडणे जवळपास निश्चित असते. तेव्हा वार्षिक हप्त्याची भाषा निरुपयोगी होते आणि रोख्याचा बाजारभाव पाहूनच किंमत करावी लागते.

या दोन खुणा दिसत नाहीत तोवर एका ओळीचे सूत्र भरवशाचे आहे. सीडीएसचा भाव कानावर पडला की त्याला (1 − R) ने भागावे, म्हणजे बाजाराने धरलेला बुडण्याचा वार्षिक वेग समजतो. पण वसुली किती धरली हे न सांगता कुणी बुडण्याची शक्यता सांगितली, तर त्या आकड्यावर विसंबू नये.